९५६ की ९५०६?

जूनमध्ये आठवीच्या मुलांनी पाचवीच्या शिष्यवृत्तीवाल्यांसाठी तोंडी गणिताच्या स्लाइड्स करायला घेतल्या. एका स्लाइडवर एक युक्ती, खाली सोडवलेलं एक उदाहरण. वर्षअखेरीला ती मालिका पुन्हा चाळली. ११ ने गुणणं, ३५ चा वर्ग या स्लाइड्स पहिल्या आठवड्यातच पोरांच्या तोंडी बसल्या होत्या. वर्षभर गाजली ती शंभराजवळच्या संख्यांच्या गुणाकाराची स्लाइड.

त्यावर उदाहरण होतं ९७ × ९६. शंभराला ३ कमी, ४ कमी. ९७ मधून ४ वजा केले की ९३, आणि ३ × ४ = १२. दोन्ही शेजारी लिहा: ९३१२. दिसायला देखणं, आणि तिथेच गोम होती. गुणाकार नेमका दोन अंकी आल्यामुळे मुलांनी नियम एवढाच उचलला की दोन उत्तरं एकमेकांना चिकटवायची. चाचणीत ९८ × ९७ आलं. ९५ आणि ६, म्हणून निम्म्या वर्गाने ९५६ लिहिलं.

दिवाळीनंतर मुलांनी ताळ्याची स्लाइड जोडली: अंकांची बेरीज एक अंक उरेपर्यंत करायची. ९८ चे ८, ९७ चे ७, गुणाकार ५६, त्याचे २. उत्तराचेही २ यायला हवेत. आणि ९५६ चे आले २! नवाच्या ताळ्याला गळालेलं शून्य दिसत नाही, कारण शून्याने अंकांची बेरीज बदलत नाही. चूक पकडली ती पाचवीतल्या एका मुलीने, कसलाही ताळा न पाहता. म्हणाली, “सर, ९८ ची दहापटच ९८० होते. मग सत्त्याण्णवपट ९५६ कशी?”

जानेवारीत ती स्लाइड नव्याने केली. डावीकडचे ९५ हे ९५ शेकडे, म्हणजे ९५००. त्यात ६ मिळवा: ९५०६. युक्तीमागचं कारण एवढंच, पण ते लिहिल्यावर ‘चिकटवा’ हा शब्द आपोआप गेला. उदाहरणही बदललं, ८८ × ८७ घेतलं. कमी १२ आणि १३. ८८ मधून १३ गेले, ७५ शेकडे. १२ × १३ = १५६, तीन अंकी. ७५०० + १५६ = ७६५६, म्हणजे हातचा शेकड्यांत जातो.

त्याच स्लाइडच्या तळाशी एका मुलाने बारीक अक्षरात ७२ × ६४ सोडवून ठेवलंय. कमी २८ आणि ३६. आता २८ × ३६ कोण तोंडी करणार? त्यापेक्षा सत्तर चौसष्टं ४४८०, दोन चौसष्टं १२८, एकूण ४६०८. त्यापुढे त्याने लिहिलंय: ‘इथे ही युक्ती वापरू नये.’ माझ्या मते अख्ख्या मालिकेतली सर्वांत कामाची ओळ हीच.