सुरळीत लपलेला रंग

फिटनेस ब्रँडच्या जाहिरातीत योगा मॅटचा एक फोटो हमखास दिसतो. स्टुडिओची स्वच्छ लाकडी जमीन, तिच्यावर मॅटची सुरळी, पृष्ठभागावर पकडीसाठी उमटवलेली बारीक नक्षी आणि निळ्यातून जांभळ्यात विरत जाणारा रंग. चित्र साधं वाटतं. पण मॅट गुंडाळली की विकायच्या गोष्टीच आत जातात, ही छायाचित्रकाराची पहिली अडचण असते.

उदाहरणासाठी १८३ सेंटिमीटर लांब आणि ६ मिलिमीटर जाड मॅट घेऊ. मध्ये ४ सेंटिमीटरची पोकळी ठेवून ती गुंडाळली, तर सुरळीचा व्यास साधारण साडेबारा सेंटिमीटर होतो आणि सगळ्यात बाहेरचा वेढा जेमतेम ३९ सेंटिमीटरचा. त्यातलाही अर्धा भाग कॅमेऱ्याच्या विरुद्ध बाजूला राहतो. म्हणजे १८३ पैकी फार तर २० सेंटिमीटर मॅट दिसते. रंग लांबीच्या दिशेने बदलत असेल, तर ग्राहकाला एकच छटा दिसणार. रंग रुंदीच्या दिशेने बदलत असेल, तर मात्र सुरळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पूर्ण रंगपट्टा समोर येतो. म्हणून लांबीच्या दिशेने रंग बदलणारी मॅट अर्धवट उलगडून मांडतात.

अशी उलगडलेली कड जागेवर राहत नाही. रबराला किंवा फोमला गुंडाळलेलं राहायची सवय लागलेली असते, त्यामुळे कड वर उचलली जाते. मग खालून दुहेरी चिकटपट्टी लावतात आणि सुरळीचा गोल आकार बसू नये म्हणून आत पुठ्ठ्याची नळी सरकवतात. फोटोत यातलं काहीच दिसत नाही.

नक्षी दाखवायचं काम प्रकाशाचं. तिचे उंचवटे अर्धा मिलिमीटर उंच आहेत असं धरू. दिवा ४५ अंशांवर ठेवला, तर प्रत्येक उंचवट्याची सावली अर्धा मिलिमीटरच पडते आणि मॅट सपाट दिसते. तोच दिवा जमिनीलगत, १० अंशांवर आणला की सावली जवळजवळ तीन मिलिमीटर लांबते आणि प्रत्येक रेघ ठसठशीत उठून दिसते. वस्तू तीच, बदलली ती फक्त दिव्याची उंची.

नक्षी खोल दिसली म्हणजे हात घसरणार नाही, असा अर्थ मात्र काढता येत नाही. पकड प्रामुख्याने मटेरियलवर आणि पृष्ठभागाच्या कोरडेपणावर ठरते. पीव्हीसीच्या गुळगुळीत मॅटवर घामेजलेला तळवा सरकू शकतो, तर पॉलियुरेथेनचा वरचा थर ओल बऱ्यापैकी शोषतो. त्या थराची पकड चांगली असूनही तो फोटोत अगदी सपाट दिसतो.

रंगाच्या उताराचा त्रास वेगळाच. गोल सुरळीवर उजेडामुळे आपोआप एक छटा तयार होते, प्रकाशाच्या बाजूला फिकट आणि दुसऱ्या बाजूला गडद. तिच्यात छापलेला रंग मिसळला की मूळ रंग कोणता आणि सावली कोणती, हे ग्राहकाला कळत नाही. म्हणून सावलीच्या बाजूला पांढरा थर्माकोल उभा करून उजेड परतवतात. पण पिवळसर लाकडी जमीनही उजेड परतवते आणि मॅटच्या खालच्या अंगाला पिवळी झाक येते. ती मोजून काढता यावी म्हणून आधी एक फोटो करडं कार्ड ठेवून घेतात.

संगणकावर आणखी एक खोट उघडी पडते. साध्या जेपीईजी फाइलमध्ये लाल, हिरव्या आणि निळ्या रंगाच्या प्रत्येकी २५६ पायऱ्या असतात. दोन जवळच्या छटांमध्ये त्यातल्या चाळीसच येत असतील आणि त्या २,००० पिक्सेलवर पसरवल्या, तर प्रत्येक पायरी ५० पिक्सेल रुंद होते. मग मऊ उताराऐवजी पट्टे दिसू लागतात. यावर उपाय म्हणजे काम १६ बिटमध्ये करणं आणि शेवटी किंचित दाणेदारपणा मिसळणं. त्याने पट्ट्यांच्या कडा विरतात.

हल्ली अनेक ब्रँड प्रत्यक्ष मॅट न ठेवता संगणकावर तिची प्रतिमा घडवतात. तिथे चूक हटकून सापडते ती सुरळीच्या टोकाशी. वर घेतलेल्या मॅटला साधारण सात वेढे पडायला हवेत. चित्रात तेवढीच पोकळी आणि तेवढ्याच जाडीचे चारच वेढे मोजता आले, तर हिशेबाने ती मॅट उलगडल्यावर ८० सेंटिमीटरचीच भरेल. शवासनात त्यावर जेमतेम पाठ टेकेल. डोकं किंवा पाय जमिनीवर येतील.