नाव आले, वेळ आली. निरोप मात्र राहिला

समजा, हैदराबादच्या हायटेक सिटीत नोकरीला असलेल्या मुलाकडून गोव्यातील घरी `[05/06, 9:41 pm] बँक मॅनेजर:` एवढीच ओळ आली. ना निरोप, ना प्रश्न. व्हॉट्सअॅपवर एकच निरोप कॉपी केला, तर केवळ मजकूर येतो. अनेक निरोप एकत्र निवडले, तर प्रत्येकाआधी असे शीर्षक जोडले जाते. चिकटवताना मजकूर सुटला की तेवढेच मागे उरते.

त्यातले नाव कॉपी करणाऱ्याच्या फोनमध्ये जतन केलेले असते. भामट्याचा क्रमांकही ‘बँक मॅनेजर’ म्हणून साठवलेला असू शकतो. वेळही त्याच फोनची. ०५/०६ म्हणजे ५ जून की ६ मे, हे त्या फोनच्या मांडणीवर ठरते. शिवाय अशी ओळ कोणालाही हाताने टंकता येते, हे विसरले जाते.

पैशांचा विषय असेल, तर मुलालाच फोन करून मूळ निरोप आणि क्रमांक विचारावा. फसवणूक झाली असल्यास १९३० वर तत्काळ कळवावे आणि मूळ संभाषण पुसू नये. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार न्यायालयात डिजिटल नोंदीसोबत प्रमाणपत्र द्यावे लागते.