साखरेचं कवच आणि दीड महिन्याचं इंजेक्शन

एका आजींचं पत्र आलं. नातीला दीड महिन्यालाच ‘न्यूमोनियाचं इंजेक्शन’ दिलं, तरी दर पावसाळ्यात तिची छाती भरतेच. मग त्या टोचण्याचा उपयोग काय?

या प्रश्नाचं मूळ लशीच्या नावात आहे. न्यूमोनिया अनेक विषाणू-जिवाणूंनी होतो आणि सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या या लशी त्यांतल्या दोघांनाच अडवतात: न्यूमोकोकस, म्हणजे कार्डावरचं ‘पीसीव्ही’, आणि हिब. हिबची लस पेंटाव्हॅलंटच्या पाचांपैकी एक असते. हे दोन जंतू एरवी नाका-घशात गुपचूप राहतात. सर्वांत मोठा धोका असतो तो ते रक्तात उतरल्यावर. तिथून ते सांध्यात पू करतात, रक्तात जंतुदोष करतात. हिब घशातली श्वासनलिकेवरची पडदी सुजवून काही तासांत श्वास कोंडतो. आणि दोघेही मेंदूच्या आवरणापर्यंत पोचतात. माझ्या मते या लशींची खरी कमाई तिथे, मेंदूज्वराच्या बाबतीत आहे.

हे जंतू रक्तात तगतात कसे? त्यांच्या अंगावर साखरेच्या लांब साखळ्यांचं कवच असतं, त्यामुळे आपल्या पांढऱ्या पेशींना ते गिळता येत नाहीत. मार्गारेट पिटमन या अमेरिकन संशोधिकेने 1931 साली हे हिबच्या कुळात दाखवून दिलं: काही जंतू कवचधारी, काही बिनकवचाचे, आणि मेंदूज्वराच्या मुलांच्या पाठीतल्या पाण्यात सापडणारा जवळजवळ नेहमी ‘बी’ कवचाचाच. ‘हिब’मधला ‘ब’ तो हाच. लशीचा इतिहास सांगताना पुढची नावं येतात, पिटमनबाईंचं राहून जातं, याची मला खंत वाटते. नेमकं कशाविरुद्ध लढायचं, हे त्यांनीच दाखवलं होतं.

दोनच वर्षांनी फोदरगिल आणि राइट यांनी वेगवेगळ्या वयांच्या माणसांच्या रक्तात हा जंतू मरतो का, ते पाहिलं. नवजात बाळाच्या रक्तात आईकडून आलेली ताकद होती. ती काही आठवड्यांत ओसरायची आणि तीन वर्षांच्या आसपास मूल स्वतःची कमवायचं. मधला काळ उघडा. हिबचा मेंदूज्वर सर्वाधिक होई तो नेमका याच काळात.

मग कवचाचीच साखर टोचावी, हे ओघाने आलं. अमेरिकेत 1985 साली तशी लस आलीही, पण दीड-दोन वर्षांखालच्या मुलांत ती कुचकामी ठरली. तान्ह्याची प्रतिकारशक्ती निव्वळ साखरेची दखलच घेत नाही. उपाय विलक्षण साधा निघाला: साखर एखाद्या प्रथिनाला रसायनाने जोडायची, उदाहरणार्थ धनुर्वाताच्या निर्विष केलेल्या विषाला. प्रथिन ओळखणाऱ्या पेशी जाग्या होतात आणि साखर ओळखणाऱ्या पेशींना मदत करतात. शिवाय आठवणही टिकते. रॉबिन्स आणि रेचेल श्नीर्सन, तसेच स्मिथ आणि अँडरसन या दोन जोड्यांनी ही युक्ती हिबवर चालवली. 1990 साली ती तान्ह्यांसाठी मान्य झाली. त्याआधी अमेरिकेत दरवर्षी पाच वर्षांखालची सुमारे 20,000 मुलं हिबच्या गंभीर आजाराने ग्रासली जात. काही वर्षांत तो आजार तिथे इतका विरळा झाला, की तरुण डॉक्टरांनी तो फक्त पुस्तकात पाहिला.

न्यूमोकोकसचं प्रकरण अवघड आहे. त्याची कवचं शंभरहून अधिक आणि प्रत्येकाची साखर निराळी. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने 2020 साली आणलेल्या लशीत दहा कवचं आहेत. लशीत नसलेले प्रकार कधी कधी रिकामी झालेली जागा घेतात, हीच तिची मर्यादा. कान फुटण्याचंही तसंच. त्यामागे बऱ्याचदा बिनकवचाचे जंतू असतात, म्हणून कानदुखी थोडीच कमी होते.

मेंदूज्वरातून वाचलेल्या मुलांपैकी अनेकांना बहिरेपण येतं, आणि न्यूमोकोकसमध्ये ते अधिक. बाळाची टाळू फुगली, दूध ओढेना, झटके आले, सारखं गुंगीत राहिलं, तर लस झाली असली तरी तडक रुग्णालय गाठावं. आजार बरा झाल्यावर श्रवणचाचणी लगेच करावी; कानाच्या आतला शंख हाडाने भरू लागला, की कॉक्लिअर इम्प्लांट बसवण्याची शस्त्रक्रिया अवघड होते.

आजी, नातीचं कार्ड काढून बघा. पेंटाव्हॅलंट 6, 10 आणि 14 आठवड्यांना. पीसीव्ही 6 आणि 14 आठवड्यांना, आणि तिसरा डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, गोवर-रुबेलाबरोबर. हा तिसरा आठवण पक्की करतो आणि तोच सर्वांत जास्त राहून जातो. पहिला डोस वर्षाच्या आत पडला असेल, तर उरलेले नंतरही पूर्ण करता येतात. कार्ड घेऊन आशाताईंना भेटा.