परतीची तारीख लिहिण्याआधी

डॅलसमध्ये रात्रीचे दोन वाजलेत. पुण्याहून बहिणीचा फोन येतो: आईला ॲडमिट केलंय, बायपास करावी लागेल. एच-१बीवर काम करणारा मुलगा लगेच मॅनेजरला लिहायला घेतो, ‘आईची तब्येत गंभीर आहे. माझा व्हिसाही संपलाय. दोन्ही कामं उरकून दोन आठवड्यांत परततो.’

प्रसंग कल्पित असला, तरी अशी धावपळ अनेक घरांच्या ओळखीची आहे. तो निरोप मात्र असा जाऊ नये.

‘व्हिसा संपलाय’ एवढंच वाचलं, तर हा बेकायदा काम करतोय की काय, असं मॅनेजरला वाटू शकतं. पासपोर्टवरचा व्हिसा हा अमेरिकेच्या दारात उभं राहण्याचा परवाना. आत किती दिवस राहायचं, ते आय-९४ या नोंदीवरच्या तारखेवरून ठरतं. आपल्या मुलाचं स्टॅम्पिंग मार्चमध्ये संपलं, पण आय-९४ पुढच्या वर्षापर्यंत आहे. तेव्हा नोकरी नियमातच चालली आहे. अडचण देश सोडल्यावर सुरू होते. नवा स्टॅम्प मिळाल्याशिवाय परतता येत नाही.

आणि ते दोन आठवडे! सप्टेंबर २०२५पासून एच-१बीच्या नूतनीकरणाची ‘ड्रॉपबॉक्स’ सोय बंद झाली. मुलाखतीला स्वतः जावं लागतं. १५ डिसेंबर २०२५पासून या अर्जदारांची समाजमाध्यमांवरची खातीही तपासली जाऊ लागली. तेव्हा भारतातल्या अनेकांच्या मुलाखती एकदम मार्च २०२६वर किंवा त्याही पुढे गेल्या. काही जण तोवर सुट्टी टाकून घरी पोहोचलेही होते. आजारपणाचं कारण दाखवून तातडीची वेळ मागता येते, पण आधी नेहमीची वेळ घ्यावी लागते आणि मागणी मान्य होईलच असं नाही. मुलाखतीत २२१(जी)ची चिठ्ठी हातात पडली, तर आणखी तपासणी होते. ती काही दिवसांत संपते, कधी महिने घेते.

म्हणून त्यानं निरोप पुन्हा लिहावा. इंग्रजीतल्या त्या मजकुराचा आशय असा: ‘आईची हृदयशस्त्रक्रिया आहे, मला उद्याच निघायचंय. माझी इथली कामाची परवानगी वैध आहे, पण परतण्यासाठी मुंबईच्या वकिलातीतून नवा व्हिसा घ्यावा लागेल. परतीची तारीख आज सांगता येत नाही; मुलाखतीची वेळ मिळताच कळवतो. नोकरीचं पत्र आजच मिळावं, म्हणून एचआर आणि कंपनीच्या इमिग्रेशन वकिलांना या मेलमध्ये घेतलंय. भारतातून काम करता येईल का, तेही त्यांच्याकडूनच कळावं.’

शेवटचं वाक्य गाळू नये. ‘लॅपटॉप घेऊन जा, तिथून कर’ असं मॅनेजर आपुलकीनं म्हणेलही. पण परदेशातून केलेल्या कामाला कराचे आणि माहितीच्या सुरक्षेचे नियम लागतात. काही प्रकल्पांचा डेटा अमेरिकेबाहेर उघडताच येत नाही. एचआरचा लेखी होकार येईपर्यंत बॅगेत आय-७९७ची मूळ प्रत, पगारपत्रकं आणि नोकरीचं पत्र जावं. लॅपटॉप डॅलसलाच राहावा.