यंदा गौरीजेवण आमच्याकडे नाही

श्रावणात थोरल्या वहिनींना टायफॉइड झाला. ताप उतरला, पण जिना चढताना अजून दम लागतो. गौरी मात्र दरवर्षी त्यांच्याच घरी, आणि पानं तीस-पस्तीस. अशा घरातून नकार जायला हवा, पण जातो तो बहुधा ‘बघू, जमलं तर’ असा. मग प्रत्येक जण सोयीचा अर्थ काढतो आणि पूजनाच्या दिवशी सगळे दारात हजर!

लगेच सुचवला जाणारा उपाय म्हणजे ‘तुम्ही बसून राहा, आम्ही येऊन करतो.’ हेतू चांगला, पण आपल्या स्वयंपाकघरात दुसऱ्याने पुरण वाटताना घरची बाई बसून राहत नाही. पुरणयंत्र कुठे, मोठं पातेलं कुठे, हळदीकुंकवाचं ताट कोणतं, दर पाच मिनिटांनी हाक येते. टायफॉइडमध्ये तर आणखी एक अडचण आहे. ताप गेल्यावरही काही आठवडे विष्ठेतून जंतू बाहेर पडू शकतात, आणि हातांमार्फत ते अन्नात जातात. म्हणून डॉक्टरांनी मोकळीक देईपर्यंत रुग्णाने इतरांसाठी रांधू नये. ‘निदान पुरण तरी तुमच्या हातचं’ हा आग्रह इथेच थांबवावा.

नकार जेवणाला द्यायचा आहे, गौरींना नाही, हे आधी घरात ठरवावं. आवाहनाला भाजी-भाकरीचा नैवेद्य अनेक घरी असतोच. पूजनाला घरच्यांपुरतं पुरण धाकट्या जावेने करून आणलं तरी चालतं. गौरी तिच्याकडे बसवायच्या का, हा ज्याच्या त्याच्या कुळाचाराचा प्रश्न. काही घरी जागा बदलत नाहीत, तिथे हट्ट करू नये. २०२० साली लालबागच्या राजाच्या मंडळाने मूर्तीच बसवली नाही, आरोग्योत्सव केला. त्यापुढे एका वर्षाची पंगत कितीशी!

कळवायचं भाऊंनी, वहिनींनी नव्हे. आजारी माणसाने फोन केला की तोच समोरच्याची समजूत काढत बसतो. पहिला फोन मोठ्या आत्यांना, कारण त्यांना ग्रुपवरून कळलं तर रुसवा नक्की. मग ग्रुपवर: ‘हिला टायफॉइड होऊन गेला, अशक्तपणा आहे. गौरी घरातल्या घरात करतोय. यंदा जेवण ठेवलेलं नाही. दर्शनाला संध्याकाळी पाच ते सात या, चहाही आम्ही करणार नाही.’ शेवटचं वाक्य उद्धट वाटेल, पण तेच खरं कामाचं. चहा म्हटलं की मागोमाग चिवडा आणि लाडू येतात. निरोप गणपतीच्या आठवडाभर आधी जावा, म्हणजे गावाहून येणाऱ्यांना तिकीट बदलता येईल.

माहेरवाशिणींची ओटी राहते, तेवढी भाऊ एका संध्याकाळी त्यांच्या घरी नेऊन देतील. सवाष्ण जेवायला घालायची असेल तर ती यंदा धाकटीकडे.