रविवारचा फोन कोणाच्या घड्याळाने?

मुलगा न्यू जर्सीत, मुलगी मेलबर्नमध्ये आणि आई-वडील सांगलीत. माझ्या ओळखीतल्या या कुटुंबाला आठवड्यातून एकदा सगळ्यांनी मिळून बोलायचं होतं. 'रविवारी संध्याकाळी फोन करू' असं ठरलं आणि पहिल्याच आठवड्यात गोंधळ झाला. सांगलीत संध्याकाळचे आठ वाजले तेव्हा मेलबर्नमध्ये मध्यरात्र उलटून साडेबारा झाले होते. मुलाने तर आपला रविवार धरला होता. त्याची संध्याकाळ झाली तोवर सांगलीत सोमवार उजाडला होता आणि मुलगी कामावर गेली होती.

तिघांच्या घड्याळांत बसेल अशी वेळ शोधायची तर आधी प्रत्येकाच्या नाही म्हणायच्या वेळा मांडाव्यात. मधल्या वारी मुलगी कामावर, म्हणून ते दिवस गेले. आपल्या रात्री मेलबर्न झोपलेलं असतं, म्हणून आपली रात्र गेली. आपल्या दुपारी न्यू जर्सीत मध्यरात्रीनंतरची वेळ, म्हणून दुपारही गेली. उरते ती आपली रविवारची सकाळ. तेव्हा अमेरिकेत शनिवारची रात्र सुरू झालेली असते आणि ऑस्ट्रेलियात रविवारचे दहा-अकरा वाजलेले असतात. या तिघांसाठी सोयीची अशी हीच एक खिडकी आहे. सहा ते साडेसातपर्यंतची, म्हणजे जेमतेम दीड तासाची.

आता या दीड तासात नेमके किती वाजता? बहुतेक घरांत भारतातली वेळ कायम धरतात, कारण आई-वडिलांना लक्षात ठेवायला ती सोपी. माझ्या मते ही सवय तपासून पाहायला हवी. ज्याच्या घड्याळात सगळ्यात कमी जागा आहे, त्याच्याच घड्याळाला फोन बांधावा. या घरात ती व्यक्ती म्हणजे चार वर्षांची नात. ती रात्री नऊला झोपते. आठच्या आधी तिचं जेवण आणि अंघोळ, नऊनंतर नुसती कुरकुर. आजी-आजोबांना तिचं बोलणं ऐकायचं असेल तर न्यू जर्सीचे रात्रीचे साडेआठ ही वेळ हलवून चालत नाही. बाकीच्यांनी तिच्यामागे जायचं.

साडेआठ कायम ठेवले की सांगलीची वेळ वर्षातून दोनदा बदलते. आपलं घड्याळ बाराही महिने एकच असतं, पण अमेरिकेतलं मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं. त्यामुळे न्यू जर्सी आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे असते आणि हिवाळ्यात साडेदहा. म्हणजे तिथले साडेआठ सांगलीत उन्हाळ्यात सकाळी सहाला येतात, हिवाळ्यात सातला. हे सोयीचंच आहे. मे महिन्यात सहाला उजाडलेलं असतं, आजोबा फिरायला निघायच्या तयारीत असतात. डिसेंबरच्या थंडीत सातच बरे.

खरी कसोटी मेलबर्नची. तिथलंही घड्याळ बदलतं, पण उलट्या दिशेने आणि वेगळ्या तारखांना. एप्रिलच्या पहिल्या रविवारी ते मागे जातं, ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी पुढे. म्हणून मुलीला वर्षात तीन वेगवेगळ्या वेळा सांभाळाव्या लागतात. एप्रिल ते सप्टेंबर साडेदहा, नोव्हेंबर ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत साडेबारा आणि मधल्या दोन संधिकाळांत, म्हणजे मार्च-एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये, साडेअकरा. फोन चुकतात ते बहुतेक याच आठवड्यांत. आई मार्चमध्ये सातला फोन घेऊन बसते, तर त्यावर सहाचा मिस्ड कॉल आलेला असतो आणि नात झोपून गेलेली असते.

यात एक बारकावा आहे. २०२६ मध्ये अमेरिकेचं घड्याळ ८ मार्चला बदलतं. पण आपल्या ८ मार्चच्या सकाळी तिथे अजून शनिवारची रात्र असते, बदल व्हायचा असतो. म्हणून त्या दिवशी फोन सातलाच असतो आणि सहाला पहिल्यांदा येतो तो १५ मार्चला. नोव्हेंबरमध्येही तसंच. १ तारखेला सहाला, ८ तारखेपासून सातला. मेलबर्नचा बदल मात्र त्याच सकाळी लागू होतो. ५ एप्रिलच्या फोनलाच मुलीच्या घड्याळात साडेअकराऐवजी साडेदहा वाजलेले असतात आणि ४ ऑक्टोबरला पुन्हा साडेअकरा.

या घरातल्या आईंनी कालनिर्णयवर रविवारच्या चौकोनात पेनाने वेळ लिहून ठेवली आहे, शेजारी बारीक अक्षरात 'मे.' लिहून मुलीची वेळ. मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये दर आठवड्याची नोंद मुलाने केली आहे, तीही न्यू जर्सीच्या वेळेने. हे महत्त्वाचं. नोंद ज्या टाइम झोनमध्ये केली असेल त्याच घड्याळाने ती चालते. भारताच्या वेळेने केली असती तर नोव्हेंबरपासून नातीला साडेसातलाच फोन आला असता, ऐन जेवणाच्या वेळी. हिशेब पडताळायला आजोबांची एक सोपी रीत आहे. आपल्या वेळेत उन्हाळ्यात अडीच तास मिळवायचे, हिवाळ्यात दीड, आणि सकाळची रात्र करायची. सकाळचे सहा अधिक अडीच, रात्रीचे साडेआठ.

मुलगी रुग्णालयात नर्स आहे, म्हणून काही रविवारीही तिची पाळी असते. सकाळची पाळी सातला सुरू झाली की साडेदहाला तिला फोन घेता येत नाही. आधी तिच्यासाठी सगळ्यांचाच फोन पुढे ढकलत होते आणि ढकललेला फोन बहुधा व्हायचाच नाही. आता पाळ्यांचा तक्ता आला की ती त्याचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकते. ज्या रविवारी ती नसेल त्या दिवशी बाकीचे ठरल्या वेळेला बोलतात आणि ती तिच्या सुट्टीच्या वारी आईला स्वतंत्र फोन करते. हाच मार्ग बरा. तिघांपैकी एकजण नाही म्हणून फोन मोडू नये.

मुलाचीही अडचण आहे. शनिवारची रात्र म्हणजे तिकडे जेवणाची आमंत्रणं, मंडळाचे कार्यक्रम. अशा आठवड्यात दुसरी ठरलेली वेळ लागते. त्याच्या रविवारी सकाळी साडेआठला सांगलीत संध्याकाळचे सहा आणि मेलबर्नला रात्रीचे साडेदहा. मात्र ही सोय एप्रिल ते सप्टेंबरच चालते. हिवाळ्यात मेलबर्नला साडेबारा होतात, तेव्हा मुलीला त्यात ओढू नये.

फोन चाळीस मिनिटांचा. पहिली पंधरा मिनिटं फक्त नातीची. त्या वेळात बँक, औषधं, घरपट्टी यांतलं काही काढायचं नाही. तो विषय मुलगा मधल्या वारी वडिलांशी वेगळा बोलतो. आणि ठरल्या वेळेपासून दहा मिनिटांत कोणी आलं नाही तर ग्रुपवर एक ओळ टाकायची. वीज गेली असेल, वाय-फाय बंद असेल, तर मोबाइल डेटावर निरोप तरी पोचतो. पूर्वी सांगलीचा फोन लागला नाही की मुलगी घाबरून शेजारच्या काकूंना उठवायची.

आता मुलीची बदली ब्रिस्बेनला व्हायची शक्यता आहे. क्वीन्सलँड राज्यात घड्याळ पुढे-मागे करत नाहीत. तसं झालं तर तिच्या तीनच्या दोनच वेळा होतील, साडेदहा आणि साडेअकरा, आणि कालनिर्णयवर खुणा करायच्या तारखा चारवरून दोनवर येतील. दोन्ही अमेरिकेच्या.