सुखकर्ता दुःखहर्ता : तीन कडवी आणि पुढे होऊन म्हणणारा

नारायणगावला लागून असलेल्या वारूळवाडीत पुणे-नाशिक रस्त्याच्या आजूबाजूला आता वाडे कमी आणि सोसायट्या जास्त दिसतात. भाद्रपदात त्यांच्या पार्किंगमध्ये मांडव पडतो आणि रात्री आठ-साडेआठला कामावरून परतलेली मंडळी आरतीला जमतात. पहिली आरती कुठली, हे कुणी ठरवत नाही. ‘सुखकर्ता दुःखहर्ता’ आपोआपच सुरू होते. ती समर्थ रामदासांची (१६०८ ते १६८१) आणि मोरगावच्या मयूरेश्वरासमोर सुचलेली, असं परंपरा सांगते. ती समजून घ्यायला मात्र वारूळवाडीकरांना मोरगाव गाठायची गरज नाही. दहाएक किलोमीटरवर ओझर आहे आणि जुन्नरच्या पुढे लेण्याद्री. अष्टविनायकांतले हे दोन गणपती जणू या आरतीवरचं भाष्यच आहेत.

आरतीची तीन कडवी म्हणजे तीन टप्प्यांत घेतलेलं दर्शन. पहिलं कडवं देव काय करतो ते सांगून मग त्याच्या अंगाकडे वळतं. तो सुख देतो, दुःख नेतो आणि विघ्नाची साधी बातमीही मागे ठेवत नाही. इथला ‘नुरवी’ म्हणजे ‘न उरवी’, उरू देत नाही. त्याला चिकटूनच ‘पुरवी’ येतो आणि तो पुढच्या प्रेमाचा आहे. एक शब्द काढून घेणारा, दुसरा देणारा. घाईत दोन्ही एकाच श्वासात गेले की ऐकणाऱ्याला नुसता नाद उरतो. म्हणून दोन शब्दांच्या मध्ये किंचित थांबायचं. त्यानंतर सर्वांगाला शेंदराची उटी आणि गळ्यात मोत्यांची माळ येते. सोसायटीतल्या शाडूच्या किंवा प्लास्टरच्या रंगवलेल्या मूर्तीकडे पाहून हा शेंदूर कळत नाही. ओझरच्या विघ्नहराकडे पाहा. शेंदराच्या थरांखाली मूळ दगड दिसतच नाही आणि त्या केशरी अंगावरचे दागिने तेवढे उठून दिसतात. समर्थांच्या डोळ्यांपुढे असाच शेंदूरचर्चित देव असावा. पहिल्या कडव्यातलं ‘विघ्न’ आणि ओझरच्या देवाचं नाव एकच गोष्ट सांगतात. विघ्नासुराला हरवून देव इथे राहिला, अशी तिथली कथा.

दुसऱ्या कडव्यात नजर अलंकारांवर जाते. सुरुवातीचा ‘फरा’ हा रत्नं जडवलेला डोक्यावरचा दागिना. तो आज कुणाच्या घरात नसल्याने मुलं हा शब्द अर्थाविना म्हणतात. एकदा सांगितलं की लक्षात राहतो. मग चंदनाची उटी, कुंकू-केशर, हिऱ्यांचा मुकुट आणि शेवटी पायांतल्या नूपुरांचा आवाज. नजर डोक्यापासून पायांपर्यंत उतरते, हा क्रम मूर्तीसमोर उभ्या असलेल्या माणसाचा आहे. ओझरच्या मूर्तीच्या डोळ्यांत माणकं आणि कपाळावर हिरा असल्याचं तिथे सांगतात. ते ऐकून हे कडवं म्हटलं की मुकुटाची कल्पना करावी लागत नाही. याच कडव्यात देवाला ‘गौरीकुमर’ म्हटलं आहे. लेण्याद्रीच्या देवाचं नाव गिरिजात्मज, म्हणजे तोच गौरीचा मुलगा. तीनशेच्या आसपास पायऱ्या चढून बौद्ध लेण्यांच्या रांगेतल्या सातव्या लेण्यात गेलं की मागच्या भिंतीतच कोरलेला हा गणपती भेटतो. तिथे ना मुकुट ना पैंजण, नुसता शेंदूर. आईने इथे तप केलं, म्हणून मुलगा इथे, असं स्थानिक मानतात.

तिसरं कडवं जिभेच्या घसरगुंडीचं. मोठं पोट, पिवळं वस्त्र, कमरेला बांधलेला नाग, तीन डोळे अशी रूपाची ओळख करून देऊन ते शेवटी विनवणीकडे वळतं. यात सोंड सरळ म्हटली आहे आणि लगेच ‘वक्रतुंड’ही येतं. त्यात विसंगती नाही. वक्रतुंड हे देवाचं रूढ नाव आहे. त्यानंतर कवीची नाममुद्रा येते. रामाचा हा दास घरी बसून वाट पाहतो आहे, संकटात धावून ये, अखेरच्या क्षणी राख. गावोगाव फिरणाऱ्या ब्रह्मचाऱ्याने ‘सदन’ म्हणावं, यातलं घर मनातलंही असू शकतं. चतुर्थीला मूर्ती घरी आणणाऱ्याला मात्र ते थेट आपल्याच घराचं वाटतं.

या कडव्यातल्या ओळी ‘ना’ने संपतात. नागाच्या कमरपट्ट्यासाठी आलेला शब्द ‘फणिवरबंधना’ आणि अखेरचा शब्द ‘सुरवरवंदना’. कान शेवटचं ‘वंदना’ आधीच ऐकतो आणि जीभ ते पहिल्या ओळीत घुसवते. म्हणून सोसायटी-सोसायटीत ‘फळीवर वंदना’ ऐकू येतं. चुकणाऱ्याला ते चुकीचं वाटत नाही, कारण यमक जुळतंच. दुसरी नेहमीची चूक ‘संकटी’च्या जागी ‘संकष्टी’. चतुर्थीचा उपवास डोक्यात असतो. पण देवाने संकटातच पावायचं आहे, महिन्यातून एकदा नव्हे.

आता पुढे होऊन म्हणणाऱ्याचं काम. बहुतेक गोंधळ पट्टीत आणि लयीत होतो. ध्रुवपद आलं की सगळेच आवाज चढवतात. पहिली ओळ उंच धरली असेल तर ध्रुवपदाला बायका-मुलांचा आवाज फाटतो आणि पुरुष गप्प होतात. उपाय सोपा. सुरू करण्याआधी ध्रुवपद मनातल्या मनात गुणगुणून पाहायचं. जिथे ते ताण न येता निघतं, तिथून पहिल्या ओळीची पट्टी धरायची. पहिले दोन शब्द एकट्याने, तिसऱ्यापासून सगळे.

लय वाढते ती टाळ्यांमुळे. मागच्या रांगेतला उत्साही माणूस किंचित पुढे जातो, झांजवाला त्याच्या मागे आणि तिसऱ्या कडव्यापर्यंत आरती पळत सुटते. एक खूण सांगतो. ‘लंबोदर’ म्हणताना मध्ये श्वास घ्यायला जागा उरत नसेल, तर लय हाताबाहेर गेली. तेव्हा ओरडून सांगू नये. पुढच्याने स्वतःचा आवाज न चढवता ध्रुवपद सावकाश उचलायचं आणि झांज वाजवणाऱ्याकडे पाहायचं. झांज एकाच्याच हाती द्यावी आणि तो पुढच्याच्या डाव्या हाताला उभा असावा. नजरेला नजर मिळाली की पुरे. घंटा मुलांना द्या, पण ती ध्रुवपदालाच वाजवू द्या. एरवी शब्द बुडतात.

स्पीकरवर लावलेल्या गाण्यासोबत म्हणणं सोयीचं वाटतं, पण मग पट्टी त्या गाण्याची होते आणि माणसं ओठ हलवतात. रेकॉर्ड ऐकायची तर सकाळी ऐकावी, संध्याकाळी बंद. तसेही रात्री दहानंतर स्पीकरला मनाई आहे, सूट असलेले दिवस सोडून. मांडवात कागदावर शब्द लावायचे असतील तर ‘फणिवरबंधना’ आणि ‘संकटी’ ठळक अक्षरांत लिहावेत. ओठ आपोआप सुधारतात.

गणपतीपाठोपाठ शंकर, देवी, विठ्ठल, दत्त असा क्रम अनेक ठिकाणी असतो, मग ‘घालीन लोटांगण’ आणि मंत्रपुष्पांजली. सगळं म्हणायला अर्धा तास सहज जातो. प्रसादाची पातेली थंड होत असतील, पहाटेच्या शिफ्टची माणसं घड्याळ पाहत असतील, तर पुढच्याने काय सोडायचं हे आधीच ठरवावं. मधल्या आरत्या दिवसाआड वाटून घेता येतात. गणपतीच्या तीन कडव्यांतलं मात्र काही वगळू नये आणि ती पळवूही नयेत, कारण मूर्ती पायापर्यंत पाहून झाल्यावरच मागणं येतं. नूपुरांवरून उडी मारून थेट संकटाकडे गेलो तर दर्शन न घेताच हात पसरल्यासारखं होतं.